काकूंची चेष्टा आणि मेलमधला सातवा मुद्दा

आमच्या नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकांना फोनवर एक अख्खं वाक्य लिहिता येत नाही. समोर असले की तासभर बोलतात, पण टाइप करायला घेतलं की दर दोन शब्दांनंतर अंगठा पाठवायच्या बाणावर पडतो. 'लाइट.' 'म्हणजे स्पॉट.' 'दोन.' 'नको तीन.' तोवर माझा फोन थरथरत टेबलाच्या कडेला पोचलेला असतो. दिवसा मी गंगापूर रोडवरच्या एका विमा सर्वेक्षकाच्या ऑफिसात जळालेल्या गोदामांचे आणि भिजलेल्या मालाचे अहवाल लिहिते. त्यामुळे संस्थेची पत्रं, परवानग्या, मेल हे सगळं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मला अभिनय येत नाही हे सगळ्यांनी फार लवकर आणि एकमतानं ठरवलं होतं, तेव्हा तक्रारीलाही जागा नव्हती.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याकडच्या एका गावातून नाट्यमहोत्सवाचं आमंत्रण आलं. प्रयोग शनिवारी, वीस तारखेला. तिथल्या सभागृहाचे व्यवस्थापक फोनवर अगदी गोड बोलले, पण मुद्द्याला पक्के. चॅटवर तुकडे पाठवू नका, म्हणाले. तुम्हाला जे जे लागेल ते एका मेलमध्ये लिहा आणि बुधवारी दहा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. त्याची प्रत काढून आमच्या माणसांना देतो, आणि त्यात नसेल ते मिळणार नाही. मला हा माणूस न बघताच आवडला. मी ग्रुपवर टाकलं की ज्याला जे हवं ते मंगळवारपर्यंत इथे लिहा, मी मेल करते. दिग्दर्शकांनी वर पुस्ती जोडली, 'सगळं लिही.' 'एकही मागणी.' 'सुटता कामा नये.'

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू आमच्या नाटकात घरमालकीण होत्या. वयानं सत्तरीच्या पुढे, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेल्या. महोत्सवाचं गाव म्हणजे त्यांचं माहेर. मुलींनी नाटकात काम करायचं नाही असा त्या घरचा दंडक होता आणि तो मोडायला त्यांना साठी गाठावी लागली होती. थोरले भाऊ अजून तिथेच राहत होते. त्यांनी बहिणीला रंगमंचावर कधी पाहिलं नव्हतं, आणि या वेळी पहिल्या रांगेत बसणार असं स्वतःहून कळवलं होतं. तो निरोप काकूंनी मला तीनदा सांगितला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगितल्यासारखा.

अडचण होती गुडघ्यांची. आदल्या वर्षी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसरा रांगेत होता. तालमीची जागा पहिल्या मजल्यावर. काकू सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायच्या, आणि सगळे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करायचे. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मी एकटीच बघत होते की त्या आधी येतात ते जिना चढताना कोणी पाहू नये म्हणून. कठड्याला धरून एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. वर आल्या की पदर सारखा करून अशा बसायच्या, जशा मघापासून आहेतच. कारण साधं होतं. दिग्दर्शक 'असू दे, हाताशी बदली असलेली बरी' म्हणत एका तरुण नटीला घरमालकिणीचे संवाद पाठ करायला लावत होते. काकूंनी ते ऐकलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी त्या चॅटपुढे बसले. माझी रीत ठरलेली आहे. आधी सगळे मेसेज एका पानावर उतरवायचे, कुठल्या दिवशी आले त्यासकट. मग जे नंतरच्या मेसेजनं रद्द झाले ते खोडायचे. मग 'उद्या', 'आदल्या दिवशी', 'त्या सोमवारी' असल्या लोंबकळणाऱ्या शब्दांच्या जागी वार आणि तारीख लिहायची. 'सेटचा टेम्पो आदल्या दिवशी येईल' म्हणजे शुक्रवारी एकोणीस तारखेला. दिग्दर्शकांनी रविवारी लिहिलं होतं, 'लेखकाचं परवानगीपत्र उद्या देतो.' म्हणजे आठ तारखेला. आज दहा उजाडली होती आणि पत्राचा पत्ता नव्हता. त्यांना फोन करून मी ते तिथल्या तिथे मागवलं. दोन स्पॉट की तीन, हेही त्याच फोनवर विचारून घेतलं, कारण 'नको तीन' नंतर संध्याकाळी त्यांनी 'आधीचं राहू दे' असं लिहिलं होतं. अशा वेळी अंदाज करायचा नसतो, विचारायचं असतं. तीन ठरले.

उरलेल्या गोष्टी मी दोन भागांत लावल्या. आम्हाला तुमच्याकडून काय हवं, आणि आम्ही तुम्हाला काय देणार. प्रत्येकापुढे कधीपर्यंत आणि आमच्याकडून कोण बघणार. विषयाच्या ओळीतच लिहिलं, 'शनिवार, वीस तारखेच्या प्रयोगासाठी आमच्या गरजा. कृपया शुक्रवार, बारा तारखेपर्यंत होकार कळवावा.' माणसानं नुसता विषय वाचला तरी त्याला काय करायचं ते कळलं पाहिजे, हे मी जळालेल्या गोदामांकडून शिकले आहे. साखर कमी असलेला चहासुद्धा राहण्या-खाण्याच्या मुद्द्यात गेला. तीन दिवसांचा तो गलबला पानभरात शहाण्यासारखा बसलेला पाहून मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

मग रद्द आणि निरर्थक मेसेजवरून शेवटची नजर फिरवताना सोमवारचा काकूंचा मेसेज पुन्हा दिसला. 'मेकअपची खोली तळघरात असेल तर मला दोरीनं खाली सोडा आणि दोरीनंच वर घ्या.' पुढे तीन हसरे चेहरे. त्याखाली सगळ्यांचे हसरे चेहरे, दिग्दर्शकांचा वर केलेला अंगठा, आणि लगेच चहाच्या साखरेची चर्चा. मीही तो चेष्टेच्या ढिगात टाकला होता. तरीही खात्री करावी म्हणून काकूंना फोन लावला.

"अगं, चेष्टा केली मी," काकू म्हणाल्या. आणि जरा थांबून, "दिग्दर्शकांना काही बोलू नकोस हां."

नुसती चेष्टा असती तर दुसऱ्या वाक्याची गरजच नव्हती. मला एकदम गलबलून आलं, आणि रागही आला. काकूंचा नव्हे, त्या तीन हसऱ्या चेहऱ्यांचा. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवणाऱ्या बाईला स्वतःची एवढीशी मागणी अशी लपवून पाठवावी लागत होती. पण त्यांचं नाव लिहिलं असतं तर ते गुपित मी स्वतःच फोडलं असतं. बराच वेळ खाडाखोड करून मी सातवा मुद्दा लिहिला: 'मेकअपची एक खोली रंगमंचाच्याच मजल्यावर असावी आणि तिथून पायऱ्या न चढता-उतरता रंगमंचावर जाता यावे. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून ही सोय आवश्यक आहे.' कोणासाठी, ते लिहिलं नाही.

साडेचारनंतर मसुदा दिग्दर्शकांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. सातवा मुद्दा आपला नाही, म्हणाले. मी म्हटलं, ग्रुपवर आहे, सोमवारच्या मेसेजमध्ये बघा. त्यांनी बघितला आणि ती तर चेष्टा होती म्हणाले. मग तुम्ही वर अंगठा दाखवलात त्याचं काय, मी विचारलं. माझ्या लेखी तो होकार आहे.

"एवढा त्रास होत असेल," ते सावकाश म्हणाले, "तर बदलीचा विचार करायला हवा."

"तशी मागणी ग्रुपवर कोणी केलेली नाही," मी म्हटलं. "जे आलं नाही ते मेलमध्ये जाणार नाही. आणि पाच वाजत आलेत."

मग त्यांनी विचारलं, तालमीला काकू लवकर येतात ते यासाठीच का? मी म्हटलं, ते तुम्ही त्यांना विचारा, मी फक्त मेल लिहिते. त्यांनी एक मोठा उसासा सोडला आणि म्हणाले, पाठव. फोन ठेवल्यावर लगेच त्यांचे मेसेज आले. 'सातवा.' 'पहिला कर.' मी तो सातवाच ठेवला, कारण बाकीचे आकडे बदलत बसायला वेळ नव्हता, आणि मेल पाचच्या आत गेला.

शुक्रवारी व्यवस्थापकांचं उत्तर आलं, प्रत्येक मुद्द्याखाली एकेक ओळ. सातव्याखाली मात्र चार ओळी होत्या. मेकअपच्या खोल्या खरंच खाली होत्या. पण रंगमंचाला लागून खुर्च्या ठेवायची खोली होती, ती ते रिकामी करून आरसा लावणार होते. सेट आत आणायला मागच्या दाराला पायऱ्यांऐवजी उतरण होती, तिथून थेट येता येईल. तिथे दुसऱ्या संस्थेचा सेट रचून ठेवायचा बेत होता, आता तो दुसरीकडे हलवतो, आधी कळवलंत ते बरं केलंत, असं त्यांनी लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांना चहा पाजला, कारण न सांगता.

वीस तारखेला आम्ही पोचलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. काकू माझा हात न धरता ती उतरण चढून गेल्या. खोलीच्या दारावर आमचा मेल छापून चिकटवला होता, प्रत्येक मुद्द्यापुढे पेनानं बरोबरची खूण. काकूंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. सातव्यापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग मला विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, ग्रुपवर आलं होतं. आरशासमोरची खुर्ची ओढून त्या बसल्या.

त्या रात्री घरमालकीण अशी काही कडाडली की भाडेकरू झालेला आमचा नट खरोखर दोन पावलं मागे सरला. पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीतले भाऊ काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. प्रयोगानंतर तेही त्याच उतरणीवरून आत आले. दोघं अहिराणीत बोलत होती. मला त्यातला 'शे', म्हणजे 'आहे', तेवढा कळत होता, पण भावानं बहिणीच्या रंगवलेल्या गालावर हात ठेवला, ते समजायला भाषा लागली नाही. दिग्दर्शक माझ्या शेजारी उभे होते. बदलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना बस चांदवडचा घाट चढत होती आणि बहुतेक सगळे झोपले होते. माझा फोन थरथरला. पुढे दोन रांगा सोडून बसलेल्या काकूंनी ग्रुपवर मेसेज टाकला होता. एकच, सलग, एकही हसरा चेहरा नसलेला.

'पुढच्या महिन्यातल्या मनमाडच्या प्रयोगासाठी माझी मागणी. मला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत, तरी मेकअपची खोली रंगमंचाच्याच मजल्यावर हवी. सभागृहाला या आठवड्यातच कळवावे. आणि या वेळी मेलमध्ये माझं नाव लिहावं.'