माझ्या फोनची किल्ली

माझ्या फोनच्या वरच्या पट्टीत एक बारीकशी किल्ली दिसायची. ती माझ्या धाकट्या भावाने लावून दिली होती आणि मी ती शाळेतल्या बायकांना कौतुकाने दाखवायचे. पिंपळगाव राजा या आमच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली भलतंच अ‍ॅप गावातल्या फोनांमध्ये शिरायला लागलं, तेव्हा त्याने माझा फोन मागून घेतला.

"ताई, तुह्या फोनचं सगळं नेट आता आपल्या दुकानातल्या मशीनीतून जाईन. वाईट काही आलं, तर तिथंच अडकीन," तो म्हणाला.

याला व्हीपीएन म्हणतात; वरची किल्ली ही त्याचीच खूण. सेटिंगमध्ये त्याने दोन बटणं चालू केली. एकाने व्हीपीएन कायम चालू राहायचा. दुसऱ्याने व्हीपीएनशिवायची सगळी कनेक्शनं ब्लॉक व्हायची. "या दुसऱ्याले हात लावू नको," असं त्याने दोनदा बजावलं. मी खामगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला लावते. इथे मात्र मी काहीच विचारलं नाही. भाऊ होता ना.

पुढे मला नागपूरच्या एका शाळेत जागा दिसली. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात, राहायला खोली, आणि संध्याकाळी कुणाला हिशेब न देता घरी यायचं. मला ती नोकरी फार हवी होती. घरी रडारड नको म्हणून ठरेपर्यंत गप्प राहिले. त्याच दिवसांत भाऊ जेवताना म्हणाला, "नागपूरले लय ऊन असते ताई. मानसाले भाजून काढते." मी खुळ्यासारखी हसले.

मुलाखत व्हिडिओवर होती. मोकळ्या तासाला मी प्रयोगशाळेत बसले, लिंक दाबली. समोरच्या बाई नमस्कार म्हणाल्या आणि त्यांचं चित्र थिजलं. नेट गेलं. अ‍ॅपमध्ये जाऊन व्हीपीएन बंद करून पाहिला, तरी त्या दुसऱ्या बटणामुळे काही उघडेना. रेंज मात्र भरलेली. शेजारच्या वर्गातून गणिताच्या मॅडम आल्या. त्यांच्या सिमला आमच्या इमारतीत रेंजच मिळत नाही, म्हणून त्या नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "जरा हॉटस्पॉट देता का?" वैतागून दिलं. आणि त्यांच्या फोनवर नेट धाडधाड चालू झालं! माझंच सिम, माझंच नेट. फक्त माझ्या फोनला बंदी. हॉटस्पॉटवरच्या फोनचं नेट व्हीपीएनमधून जात नाही, ते दुसरं बटण त्याला अडवतही नाही. मी त्यांचा फोन जवळजवळ हिसकावला आणि त्यावरच मुलाखत दिली.

नंतर माझ्या फोनवरून घरी लावला. साधा कॉल लागत होता. वाटलं, लाईट गेली असेल, भावाची मशीन बंद पडली असेल.

"लाईट आहे न माय?"

"हाव, टीव्ही पाहून राह्यली मी. तो दुकानात बसेल आहे. त्याले फोन देऊ का?"

मी नको म्हटलं. नागपूरच्या उन्हाचं त्याचं ते बोलणं आठवलं. मुलाखत सुरू झाल्याबरोबर त्याने ती मशीन बंद केली होती.

संध्याकाळी घरी गेले तर तो अंगणातच उभा. "ताई, आज दुपारी लाईट गेली होती. तुहं नेट बंद पडलं असन न?" डोळ्यांत डोळे घालून बोलला. त्या एका वाक्याने माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं.

मी त्याच्यासमोर सेटिंग उघडलं आणि दोन्ही बटणं बंद केली. तेव्हा कुठे तो खरं बोलला. "मी आतलं काही वाचत नव्हतो, ताई. कोनत्या साईटवर जातं, तेवढंच दिसे. तू गेल्यावर मायले कोन पाहीन?"

"मग तोंडाने विचारायचं होतंस."

मी फोन घेऊन आत गेले.

नागपूरहून होकार आला, तो मी दोन दिवस फोनमध्येच ठेवला. मग जेवताना मायला सांगितलं. भावाच्या हातातला घास हातातच राहिला. "कधी आलं?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. चेहरा इतका भाबडा झाला होता, की आजवर "काय चालू आहे, ताई?" असं तो जितक्यांदा विचारत आला, तितक्यांदा हा चेहरा त्याच्याकडे नव्हता, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं, हे मला त्या क्षणी कळलं.