काळ्या कडेत गेलेलं नाव

मुळशीतल्या जुन्या फेरफार नोंदींची पानं मी कंत्राटावर स्कॅन करत होतो. फाइलला लावण्यासाठी पानांना भोकं पाडलेली होती. एक पान घाईत तिरकं बसलं आणि त्याचा डावा समास स्कॅनरच्या काळ्या कडेत गेला. ते दिसलं तरी मी पान तसंच पुढे ढकललं.

वर्षभराने मी तहसील कचेरीत नकला द्यायला बसत होतो, तेव्हा घोटावड्याच्या एक मावशी नक्कल मागायला आल्या. म्हणाल्या, "वारसांत माजं नाव कडंला लिवलंय. बानं सांगितलं व्हतं."

मी स्क्रीनवर पाहून म्हणालो, "कडेला काही नाही, मावशी."

त्यांना दोन हेलपाटे पडले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी गठ्ठ्यातून मूळ पान काढलं. समासात शेरा होता. नावातलं एक अक्षर भोकात गेलं होतं, बाकीचं स्वच्छ वाचता येत होतं.

"हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

मागे पांढरा कागद लावून मी पान सरळ, पूर्ण समासासकट पुन्हा स्कॅन केलं. नक्कल हातात पडताच मावशी म्हणाल्या, "लई उपकार झालं, बाबा."

आधीचं स्कॅनही माझंच होतं, हे मात्र मला त्यांना सांगता आलं नाही.