मामांना न कळलेलं नाक

माझ्या धाकट्या बहिणीच्या नाकाचं ऑपरेशन गेल्या मे महिन्यात नांदेडला झालं. ही गोष्ट आईला, मला आणि डॉक्टरांना माहीत आहे. मामांना नाही.

बहीण लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर लिहिताना ती वर्गाला दिवसभर एका बाजूनं दिसते. नाकाच्या मध्यावर उंचवटा आहे, तो आईकडून आला. मामांकडेही तेच नाक आहे, मोठ्या आकारात. एका सकाळी ती वर्गात गेली तेव्हा फळ्यावर एक वक्ररेषा काढलेली होती. खाली लिहिलं होतं, ‘मॅडमचा आलेख’. अक्षांना नावं दिलेली नाहीत, एवढीच चूक तिनं दाखवली. त्यानंतर मात्र ती तिरकी उभी राहून लिहायला लागली आणि तिच्या ओळी फळ्यावरून उतरायला लागल्या. पोरांनी उतरत्या ओळींचंही चित्र काढलं. सुट्ट्यांत नाक दुरुस्त करायचं, असं तिनं ठरवलं.

आईनं हे देवणीला मामांना फोनवर सांगितलं. मामांनी आजवर अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवल्यात. डॉक्टर शोधायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि ते त्यांना येत होतं त्याच पद्धतीनं केलं.

लातुरातल्या पहिल्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. गाडी मी चालवली. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी विचारलं, “गाव कोणतं म्हणायचं?”

“भोकर.”

“भोकरला आमच्या साडूचे पाव्हणे हायत. शेती?”

“आहे थोडी.”

“पाण्याखालची?”

बहीण म्हणाली, “मामा, नाकाचं विचारा.”

“नाक कुठं पळून चाललंय? आधी माणूस बघू दे.”

डॉक्टरांनी बहिणीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर एका नटीचं नाक बसवलं. “अगदी असंच होईल,” ते म्हणाले. “तासाभराचं काम. संध्याकाळी घरी.”

बहिणीनं आधी केलेल्या नाकांचे फोटो मागितले. ते भिंतीवरच होते. ‘आधी’च्या फोटोंत बायका उदास होत्या, उजेड वरून पडत होता. ‘नंतर’च्या फोटोंत त्याच बायका लिपस्टिक लावून, समोरच्या उजेडात हसत होत्या. बाजूनं काढलेला फोटो एकही नव्हता.

“सर, यात उजेड बदललाय, कोन बदललाय, चेहऱ्यावरचे भाव बदललेत,” बहीण म्हणाली. “नाक बदललंय की नाही, ते कसं ठरवायचं?”

डॉक्टर हसले. भूल कोण देतं, असं तिनं विचारलं. “सगळं इथंच होतं,” ते म्हणाले. प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण कुठं झालं, या प्रश्नावर त्यांनी परदेशातल्या एका छोट्या कोर्सचं नाव घेतलं. तेवढ्यात चहा आला, बशीत पेढाही होता.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, “लई चांगलं घर हाय. माणूस मोकळा हाय. तारीख धरा.”

“मला त्यांच्याशी लग्न करायचं न्हाई, मामा.”

“म्हणून तर पेढ्यावर भागलं.”

नांदेडचा दुसरा दवाखाना बहिणीनं शोधला. हे सर्जन प्लास्टिक सर्जरीच शिकलेले होते आणि नाकाची ऑपरेशनं नेहमी करत होते. मोठ्या हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञाला सोबत घेऊन करत. तिनं आधी त्यांची नोंदणी तपासली, मग नंबर लावला. चहा मिळाला नाही. मामांनी गाव विचारलं. “नंतर बोलू,” असं म्हणून डॉक्टरांनी बॅटरी घेतली आणि बहिणीच्या नाकात आत पाहिलं. श्वास नीट चालतो का, कधी मार लागला होता का, नाक कधीपासून खटकतं, कुणाच्या सांगण्यावरून आलात, हे सगळं त्यांनी तिलाच विचारलं. उत्तरं मामा देत होते.

“काका, नाक त्यांचं आहे,” डॉक्टर म्हणाले.

“घराण्याचं हाय,” मामा म्हणाले.

बहिणीनं नटीचा फोटो पुढं केला. डॉक्टरांनी तो पाहून परत दिला.

“तुमची आवड कळली. हे नाक मिळणार नाही. तुमची कातडी जाड आहे, टोकाला एवढी धार येत नाही. उंचवटा कमी करता येईल. सगळा काढणार नाही. फार खोदलं तर बाजूनं घसरगुंडी दिसते, पुढं श्वासालाही त्रास होऊ शकतो.”

“मग काय फरक पडेल?”

“थोडा. लोकांना तुम्ही झोप काढून आल्यासारख्या दिसाल.”

“आणि पोरं चित्रं काढायची थांबतील?”

“त्यावर ऑपरेशन नाही.”

त्यांनी आधीच्या पेशंटांचे फोटो दाखवले. त्या पेशंटांची परवानगी होती. सगळे एकाच उजेडात, समोरून, बाजूनं आणि तिरके. मनासारखं न झालेलं एक नाकही त्यांत होतं. काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं, सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, टोकाची सगळ्यांत शेवटी उतरते, हेही सांगितलं. मग म्हणाले, “घरी जा, विचार करा. तरीही करावंसं वाटलं तर या.”

परतताना गाडीत मामा म्हणाले, “नकार दिला त्यांनी. सरळ नकार. घरी जा म्हणले.”

“विचार करा म्हणले, मामा.”

“सोयरिकीत त्याला नकारच म्हणत्यात, पोरी.”

बहिणीनं विचार केला तो असा. स्वतःचा बाजूनं काढलेला फोटो कागदावर छापून घेतला, त्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक प्रतीवर व्हाइटनरनं उंचवटा कमी-जास्त पुसला. उंचवटा पूर्ण पुसलेला कागद तिनं आईसमोर धरला.

“ही कोण बाई?” आईनं विचारलं. “क्लासमधली हाय का?”

मग तिनं थोडासाच पुसलेला दाखवला.

“तू हायस की. तब्येत बरी दिसायलीय.”

तो कागद घेऊन ती नांदेडला गेली. साधारण एवढं जमेल, पण हुबेहूब असंच होईल असं लिहून देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं होकार दिला. मामांना सांगायचं नाही, अशी तिची अट होती. त्यांच्या दृष्टीनं हे स्थळ मोडलं होतं.

ऑपरेशनमध्ये उंचवटा थोडा घासला, टोकाला हात लावला नाही. आठवडाभर नाकावर कडक पट्टी होती, डोळ्यांखाली जांभळं झालं होतं, ते पुढं पिवळं झालं. ती माझ्याकडे राहिली. पट्टी निघाल्यावरही काही आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नव्हता, म्हणून तो कपाळाला चिकटपट्टीनं टांगला होता. दूधवाल्यानं तिला पाहून दूध दारातच ठेवलं. मामांचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नाकातून येत होता. “सर्दी हाय,” ती म्हणाली. उन्हाळ्यात कसली सर्दी, असं विचारून मामांनी तिला अर्धा तास काढा सांगितला.

जूनमध्ये ती वर्गात गेली आणि फळ्याला सरळ उभी राहिली. ओळी सरळ आल्या. कुणी काही विचारलं नाही. आठवड्याभरानं फळ्यावर नवं चित्र होतं, केमिस्ट्रीच्या सरांच्या कानांचं.

या मे महिन्यात देवणीला एका बारशात मामा तिच्या शेजारी जेवायला बसले. बराच वेळ तिच्याकडे पाहून म्हणाले, “तब्येत चांगली झालीय तुझी. नाकाचं तेवढं राहून गेलं बघ. मी तिसरं ठिकाण बघून ठेवलंय. रविवारी जायचं.”

“मला क्लास हाय, मामा.”

“मग मी पुढं जाऊन माणूस बघून येतो.”

रविवारी मामा एकटेच गेले. तिथं पेशंटचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी आईला मोबाइलवर तीन फोटो पाठवले. तिन्ही मामांच्या नाकाचे होते, एक समोरून, एक बाजूनं, एक तिरका.