मालूताईंची चाळीस मिनिटं

मालूताई पहिल्या दिवशी वर्गात आल्या तेव्हा पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. वय एक्केचाळीस, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्या सरळ तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बसा रे. मी पन तुमच्यातलीच हाय."

माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील काळुराम मिठागरावर राबले. शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, रोह्याजवळ निडीला भातशेतीच्या घरात आल्या आणि बी.एस्सी. अर्धवट राहिली. वीस वर्षं भात लावला, वाल उपटले, गावातल्या पोरांची गणितं घेतली. मग लेक दिशा बारावी झाली, तशी यांनी रोह्याला आमच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. बी.एड. करून शाळेत गणित शिकवायचं, एवढंच डोक्यात. त्यासाठी यंदाच पदवी हवी होती, कारण घरच्यांनी एकच वर्ष कबूल केलं होतं.

मी महिपती, गणिताचा विभागप्रमुख. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. तीस वर्षांत माझ्या पेपरात चूक सापडली नाही, हे मी न विचारताही सांगत असे. आता सांगत नाही.

दोष माझ्या एका सवयीचा. कॉलेज स्वायत्त झाल्यापासून पेपर आम्हीच काढतो. पोरं जुन्या पेपरांची उत्तरं घोकून येतात, म्हणून मी जुनाच प्रश्न घेतो आणि त्यातला एक आकडा बदलतो. आधीच्या वर्षी प्रश्न होता: y″ + y = 0, y(0) = 0, y(π/2) = 1. उत्तर y = sin x. या वर्षी छपाईआधी मी दुसरं टोक π/2 वरून π केलं आणि घोकंपट्टीवाल्यांची कशी जिरवली म्हणून खूश झालो. आदर्श उत्तरपत्रिकेतलं उत्तर मात्र तसंच राहिलं.

पेपर तपासले मितेशने. तो तासिका तत्त्वावरचा मास्तर, माझ्या उत्तराबाहेर जायची त्याची काय बिशाद! बत्तीसपैकी एकतीस जणांनी पाठ केलेलं sin x लिहिलं आणि आठपैकी आठ मिळवले. मालूताईंना पायऱ्यांचे तीन. एकूण साठपैकी वीस. पास व्हायला चोवीस लागतात.

मालूताई आपल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आल्या.

"सर, ह्या प्रश्नात माझं काय चुकलं?"

मी पाहिलं. तीनदा सोडवून तीनदा खोडलं होतं. खाली ठळक अक्षरांत: 'उकल नाही.'

"मालूताई, आठ मार्कांच्या प्रश्नाला उत्तर नाही असं कुठे असतं का?" मी हसून म्हणालो. आज ते हसू आठवलं तरी लाज वाटते.

त्या रागावल्या नाहीत. झेरॉक्स उलटी केली आणि पेन्सिलीने आडवी रेघ काढली. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला π.

"ह्या समीकरणाची सगळी उत्तरं A cos x + B sin x अशी. शून्यावर किंमत शून्य पायजे, म्हणून A गेला. उरलं B sin x. आता B काय वाटेल तो घ्या." त्यांनी शून्यापासून कमानी काढायला सुरुवात केली. एक बुटकी, एक उंच, एक त्याहून उंच, एक रेघेखालून जाणारी. "निघताना कितीबी चढ द्या, सगळ्या π वर येऊन रेघेलाच टेकतात. तिथं एकावर उभी राहनारी एक तरी दाखवा."

मी कमानींकडे बघत राहिलो. sin π शून्य. B ने गुणलं तरी शून्य. एक कुठून येणार?

"तिथं एकाऐवजी शून्य मागितलं असतंत," त्या पुढे म्हणाल्या, "तर ह्या सगळ्याच चालल्या असत्या. अगणित उत्तरं. आनि मधे, π/2 वर, सगळ्यांची उंची वेगवेगळी. तिथं एक मागितलं तर नेमकी एकच कमान. तुम्हीच शिकवलंय, सर."

मीच शिकवलं होतं! सुरुवातीची किंमत आणि सुरुवातीचाच चढ दिला, तर असल्या समीकरणाची उकल एकच मिळते. पण दोन टोकांना अटी घातल्या की ती हमी जाते. एकही नाही, एकच, किंवा अगणित, यांतलं काहीही होऊ शकतं. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तरीही मी मोठेपणा दाखवला नाही. "समितीपुढे ठेवतो," एवढंच म्हणालो.

परीक्षा समितीच्या प्रमुख शांती मॅडम. त्यांनी नियम वाचला: प्रश्न चुकीचा असेल तर तो रद्द करायचा आणि बाकीच्या गुणांवर निकाल लावायचा. त्यांनी मालूताईंचा फेरतपासणीचा अर्ज माझ्याकडे सरकवला. "छपाईची चूक म्हणा, सही करा, मिटलं."

मलाही ते सोयीचं होतं. छपाईची चूक म्हटलं की माझी तीस वर्षं शाबूत. पण प्रश्न रद्द झाला तर मालूताईंना बावन्नपैकी सतरा. पासला एकवीस लागणार. त्या नापासच.

त्या दारात उभ्या होत्या. "मॅडम, प्रश्न चुकीचा नाय. प्रश्नाला उत्तर हाय. उकल नाय हेच उत्तर. रद्द करू नका, तपासा."

"अहो, पण बाकीचा पेपर का नाही सोडवलात?" शांती मॅडम वैतागल्या. "तेवढे चार मार्क कुठेही मिळाले असते."

"ह्याच प्रश्नावर चाळीस मिनिटं गेली. पहिल्यांदाच उत्तर आलं, उकल नाय. मग पुन्हा केलं, पुन्हा तेच." त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "मला वाटलं, माझंच चुकतंय. महिपती सरांच्या पेपरात चूक कशी असेल?"

मला त्या क्षणी खुर्चीत बसवेना. माझ्या तीस वर्षांच्या फुशारकीची किंमत ही बाई परीक्षेत भरत होती.

मी पेन काढलं. अर्जावर लिहिलं: 'प्रश्न बरोबर आहे. आदर्श उत्तर चुकीचं आहे. ते मी लिहिलं. बरोबर उत्तर: उकल नाही. सर्व उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात.' खाली पूर्ण नाव घातलं.

मितेशने सगळं पुन्हा तपासलं. एकतीस जणांचे पाच-पाच मार्क उतरले. नापास कोणी झालं नाही, पण आठवडाभर पोरं माझ्याकडे खुनशी नजरेने बघत होती. मी त्यांना वर्गात बोलावलं आणि खडू मालूताईंच्या हातात दिला. त्यांनी फळाभर कमानी काढल्या. शेवटी शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा स्वतःच ओरडला, "अरे, कसाही B घ्या, π वर एक येणारच नाय!"

मालूताईंचे पंचवीस झाले. काठावरून का होईना, पास. बी.एड.चा अर्ज वेळेत गेला.

गुणपत्रिका घ्यायला आल्या तेव्हा मी उभं राहून म्हणालो, "मालूताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

"मार्क मिळाले, सर. झालं." गुणपत्रिका त्यांनी पिशवीत नीट ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "बाकीचे प्रश्न मला येत होते ओ. सगळे."

त्या स्टेशनकडे निघाल्या. पंचवीस मार्कांची ती गुणपत्रिका आता जन्मभर त्यांच्याजवळ राहणार, आणि माझी चूक दुरुस्त झाल्याचा माझा कागद कॉलेजच्या फायलीत.