मामांच्या रश्श्यातलं माझं बीपी

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मॅनेजर म्हणाले, "कँटीनचं जेवण सुधारलं ते आपल्या साहेबांमुळे." टाळ्या झाल्या, मी मान किंचित झुकवली आणि हार घालून घेतला. मागच्या रांगेत कँटीनचे सुपरवायझर मामा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. तो हार अजून मानेला टोचतो, म्हणून हे लिहितो आहे.

कुरकुंभच्या औषधांच्या कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. मामा मूळचे मांडवगण फराट्याचे. लग्नकार्यांतला आचारी म्हणून नाव कमावलेला माणूस आमच्याकडे सुपरवायझर म्हणून तात्पुरता लागला होता. कायम व्हायचं तर वर्षअखेरीचं मूल्यमापन पार पडायला हवं होतं. जेवणाचा दर्जा, स्वच्छता, खर्चावर ताबा आणि तक्रारींची दखल, अशा चार गोष्टींना गुण असत आणि ते देणारा मी.

रोज पंगत सुरू होण्याआधी नमुन्याचं ताट माझ्या टेबलावर येई. मी चव घेऊन हो म्हटलं की वाढप सुरू. त्याच वर्षी डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं आणि मीठ, तिखट, तेल बेतानं घ्यायला सांगितलं. मी ताटातला रस्सा चाखायचो आणि म्हणायचो, "मामा, तिखट जरा जास्त झालंय."

"व्हय साहेब," मामा म्हणायचे.

माझं बीपी कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला वाटायचं, ते उद्यापासून माझ्या वाटीपुरतं बघतील. त्यांना वाटायचं, साहेबांचा हुकूम झाला. लग्नघरात यजमान चाखून जे सांगेल तीच साऱ्या पंगतीची चव, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी अख्खं पातेलं माझ्या डॉक्टरांच्या स्वाधीन केलं.

मग तक्रारवही भरू लागली. "हा रस्सा हाय का हात धुवायचं पानी?" असं एकानं लिहिलं. ताटांत उरलेलं अन्न आम्ही रोज तोलायचो, तो काटाही वर चढला. मी मात्र आनंदानं जेवत होतो.

मूल्यमापनाला जेवण उरकून कँटीनमध्येच बसलो: मॅनेजर, कामगारांचे प्रतिनिधी आप्पा, मी आणि समोर टोपी हातात घेतलेले मामा. स्वच्छतेत त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. नखं, टोप्या, आरोग्य तपासणीचे दाखले, कच्च्या-शिजलेल्याचे वेगळे सुरे, सगळं चोख. तेल कमी लागल्यामुळे खर्चातही चांगले गुण. दर्जात मात्र मी कमी दिले आणि तक्रारींच्या दखलीत त्याहून कमी.

मॅनेजरनी विचारलं, "मामा, लोक एवढं सांगतात, तुम्ही ऐकत का नाही?"

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "ऐकतो की साहेब. सांगणाराचं ऐकूनच तर असं झालं."

बाकीच्यांच्या वाट्यांत रस्सा तसाच होता; आप्पा माझ्या पुसून रिकाम्या झालेल्या वाटीत डोकावले. त्यांना सगळं कळलं असावं. "सांगणारा कोण म्हनायचा, मामा? पेशंट दिसतोय!"

सगळे हसले. मीही हसलो, अगदी मोकळेपणानं, जणू तो पेशंट दुसराच कुणीतरी होता. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं. मामांचं कायम होणं सहा महिने पुढं गेलं.

बाहेर पडताना मामा शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमचं बीपी परमनंट झालं, आन् मी टेंपरवारीच ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी काउंटरवर झाकणाचा स्टीलचा डबा आला. आत हिरव्या मिरचीचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा ठेचा. रस्सा साहेबांचा, ठेचा ज्याचा त्याचा. ओला चमचा जाऊ नये म्हणून एक माणूस तिथं उभा राहून वाढायचा आणि प्रत्येक शिफ्टला ठेचा नवा व्हायचा. ताटं पुसल्यासारखी परत येऊ लागली.

पुढच्या मूल्यमापनात मी चारही ठिकाणी भरभरून गुण दिले. मामा कायम झाले. शेऱ्यात मी लिहिलं, 'योग्य मार्गदर्शनानंतर सुधारणा.' मार्गदर्शन कुणाचं ते लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात दौंडच्या बाजारात मामा भेटले. हे सगळं आता लिहून कारखान्यात पाठवतो, असं मी म्हटलं.

"आता कशाला? आप्पांनी तवाच समद्यांना सांगितलंय," मामा म्हणाले. "कँटीनात अजून बी अळणी रस्सा झाला की पोरं म्हन्तात, आज साहेबाचा रस्सा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हटलं, "मामा, तरी पाठवतोच."

"पाठवा," ते म्हणाले, आणि माझ्या पिशवीतला लोणच्याचा पुडा उचलून पाहत विचारलं, "ह्ये डॉक्टरला दाखवलं का?"