उन्हाच्या रकान्यातली रेघ

तिला वर्गात सगळे मुकादम म्हणत. हे नाव तिला कुणी प्रेमाने दिलं नव्हतं, पण तिने ते आनंदाने घेतलं होतं. स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. लहानपणी घरातल्या चपला जोडीने लावायची, आणि लावून झाल्या की कोण वेडीवाकडी काढतं यावर पहारा द्यायची. पुढे कॉलेजात प्रकल्पाचे गट पडले तेव्हा कुणी न विचारताच ती गटप्रमुख झाली. "तुझ्या पायाला भिंगरी आहे," असं आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणत असे.

प्रकल्प साधाच होता. कॉलेजसमोरच्या बसथांब्यावर किती माणसं सावलीत उभी राहतात आणि किती उन्हात, हे मोजायचं आणि त्यावरून नव्या छपराचा नकाशा सुचवायचा. गटात चौघं होती. मुकादम एक. दुसरा वकील, म्हणजे प्रत्येक गोष्टीला 'पण' लावणारा मुलगा. तिसरी चित्रकार, जिच्या वहीत छपरापेक्षा डोळेच जास्त. आणि चौथी पाहुणी. ती बैठकीला यायची, पाच मिनिटं टेकायची आणि बस आली म्हणून पळायची, म्हणून पाहुणी.

बाईंनी रविवारी संध्याकाळपर्यंत एक पानी प्रगती अहवाल मागितला होता. झालेलं काम, राहिलेलं काम, पुढची पावलं, आणि प्रत्येक कामासमोर करणाऱ्याचं नाव. झालेल्या कामात ज्याचं नाव नसेल त्याला बाई दुसऱ्या गटात टाकणार होत्या. वकिलाने लगेच निकाल दिला होता की पाहुणी जाणार. मुकादमनेही मान डोलावली होती. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं.

रविवारी दुपारी तिने बैठकांच्या कागदांचे सगळे फोटो फोनमधल्या मदतनीसाला दिले आणि तीन मथळ्यांखाली अहवाल मागितला. क्षणात उत्तर आलं. 'झालेलं काम' या मथळ्याखाली दोनच ओळी होत्या: विषय निश्चित केला, कामाची वाटणी केली. बाकी सगळं 'राहिलेलं'मध्ये. खाली टीप होती: 'नोंदींमध्ये बहुतेक ठिकाणी "करायचं", "बघू", "ठरलं" असं लिहिलं आहे. काम पूर्ण झाल्याचं या फोटोंत दिसत नाही, म्हणून ते राहिलेल्यात ठेवलं आहे. कृपया तपासा.'

मुकादमचा पारा चढला. एवढ्या बैठका, एवढे बाण, एवढे रंगीत पेन! ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली, खिडकीशी गेली, परत आली, आईचा दोरा पायात अडकवून बसली. आईने दोरा सोडवता सोडवता विचारलं की घोडं कुठं अडलंय. मुकादमने फोन पुढे धरला. आईने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर तर आहे. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात."

मग तिने हट्टाने गटाचे जुने संदेश उपसायला घेतले. कुठेतरी पुरावा असेलच, या जिद्दीने. चित्रकारचं एक अर्धवट रेखाटन सापडलं, त्यात छप्पर होतं पण मापं नव्हती. वकिलाचे लांबलचक युक्तिवाद सापडले. आणि मध्ये मध्ये, कुणी उत्तर न दिलेले, पाहुणीने पाठवलेले खोक्याच्या पुठ्ठ्याचे फोटो. पुठ्ठ्यावर दोन रकाने, सावली आणि ऊन, आणि त्यांत उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. आले तेव्हा मुकादमला तो कचरा वाटला होता. बैठकीच्या कागदांत तो बसत नाही म्हणून तिने त्याकडे सरळ कानाडोळा केला होता.

आता तिने तेही दिले. अहवाल पालटला. 'झालेलं काम: सकाळची आणि दुपारची मोजणी. संध्याकाळची नोंद सापडली नाही.' आणि एक शंका: 'दुपारच्या पुठ्ठ्यांवर उन्हाच्या रकान्यात शेवटी एक बारीक, वेगळी रेघ आहे. ती मोजायची का? उदाहरणार्थ, पहिल्या पुठ्ठ्यावरचा आकडा सोळा की सतरा, हे नोंद करणाऱ्याला विचारून घ्या.'

मुकादमला विचारायचं नव्हतं. तिने खोलीच्या दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायली, मग फोन लावला. आवाज शक्य तितका अधिकाराचा ठेवून तिने विचारलं की ही शेवटची रेघ कसली.

"ती माझी," पाहुणी म्हणाली. "बस वळणावर दिसली की मोजते, कारण नंतर सगळे सावली सोडून पळतात. दुसऱ्यांना मोजून झालं की स्वतःची ओढते. मी पण उभीच असते ना."

"उन्हात?"

"सावलीत जागा कुठं असते? आधी येणाऱ्यांची ती. मी बैठकीतून येते, तोपर्यंत भरलेली असते." मग ती म्हणाली, "ती बस चुकली की पुढची तासाने आहे. म्हणून पळते. तुम्हाला वाटत असेल टाळते."

"नाही, नाही," मुकादम म्हणाली, आणि खोटं बोलल्याचं तिचं तिलाच बोचलं.

फोन ठेवून ती लिहायला बसली, आणि बसवेना. 'मोजणी: संपूर्ण गट' असं लिहिलं की प्रश्न मिटत होता. चौघांची नावं झालेल्यात आली असती, आणि वकील तिला खांद्यावर घेऊन नाचला असता. तिने तसं लिहिलंही. मग वाचलं. संपूर्ण गट उन्हात कधी उभा होता? तिने ते खोडलं आणि पाहुणीचं नाव लिहिलं. वाटणीसमोर स्वतःचं लिहावं का, यावर ती पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आली. पण वाटणीचा कागद चौघांनी मिळून भरला होता, आणि नुसता कागद भरणं म्हणजे काम नव्हे, म्हणून ती ओळच तिने काढली; शिवाय त्या कागदातलं तिच्या वाट्याचं कामच संध्याकाळची मोजणी होतं. घर थांब्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणून. तिने निमूटपणे 'राहिलेलं' खाली लिहिलं: संध्याकाळची मोजणी, आणि पुढे आपलं नाव. आपण आजवर उंटावरून शेळ्या हाकत होतो, हे तिला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, आणि फार लाज वाटली. मन बदलण्याआधी तिने अहवाल पाठवून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो वर्गात वाचला नाही, एवढी त्यांनी कृपा केली. टेबलाशी बोलावून त्या म्हणाल्या, "गटप्रमुख आता पाहुणी. तुला आणि त्या दोघांना आठवडाभर ठेवते. राहिलेलं काम तूच तुझ्या नावावर लिहिलं आहेस, ते करून दाखव. नाहीतर दुसऱ्या गटात."

त्या दुपारी दोघी थांब्यावर उभ्या होत्या. छपराखाली गर्दी, बाहेर ऊन. मुकादम एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. पाहुणीने पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि बस वळणावर दिसताच खुणावलं. मुकादमने घाईघाईने रेघा ओढल्या आणि विचारलं की आता आपलीही एक ओढायची ना, आपणही उन्हात आहोतच की.

"तुला नाही धरता येणार," पाहुणी शांतपणे म्हणाली. "तू बससाठी उभी नाहीस."

मुकादमला ते लागलं, आणि पटलंही. बस थांबली. पाहुणीने सवयीने पेनासाठी हात पुढे केला, पण मुकादमने पेन दिलं नाही. उन्हाच्या रकान्यात सगळ्यांत शेवटी तिने पाहुणीची रेघ ओढली. बारीक नाही, इतरांच्याइतकीच ठळक. पाहुणीने ती पाहिली आणि पळत जाऊन बसमध्ये चढली. बस गेल्यावर मुकादमने पुठ्ठा उलटा केला, वर 'संध्याकाळ' लिहिलं आणि तिथेच उभी राहिली.