ती काय, रोजचीच

बारावीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा पेढे आणावेच लागतात. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त नुसता फळ्यावर लिहिला तर पोरं पाठ करतात आणि परीक्षेत उलटा लिहून येतात. म्हणून मी भाईंदर स्टेशनजवळच्या मिठाईवाल्याकडून सारख्या वजनाचे, एकाच परातीतले पेढे आणते. पुढे एकाला बसवते आणि सांगते की एकामागून एक खायचे, मध्ये थांबायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि प्रत्येक पेढ्याला किती मजा आली ते आकड्यात सांगायचं.

त्या वर्षी जवळच्या मुर्धा गावची एक मुलगी पुढे आली होती. पहिल्या पेढ्याला तिने वीस दिले, दुसऱ्याला सोळा, तिसऱ्याला दहा, चौथ्याला चार. पाचवा तोंडात घोळवत राहिली आणि म्हणाली, शून्य. का गं, पेढा बिघडला का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पेढा तोच हाय मॅडम. पोट भरलंय." वर्ग हसला. मी फळ्यावर आकडे मांडले आणि विचारलं, मग एकूण समाधान कमी झालं की वाढलं? सगळा वर्ग एका सुरात, कमी झालं! दरवर्षी हेच. माझं डोकं सटकतं ते इथे. अरे बाबांनो, वीस, छत्तीस, सेहेचाळीस, पन्नास. वाढतच गेलं ना? कमी होतंय ते पुढच्या पेढ्याने पडणारी भर. पाचव्याने काहीच भर घातली नाही, म्हणजे पन्नासच्या पन्नास, तिथे पोट तृप्त. सहावा जबरदस्तीने कोंबलात तर मात्र एकूणातून वजा व्हायला लागेल. आणि हे सगळं सलग खाल्लं तरच हं. आज एक, महिन्याने एक असं खाल्लंत तर प्रत्येक पेढा पहिलाच.

तास संपला की मी चालत आईकडे जायची. आमच्या इमारतीपासून तिची इमारत दोन गल्ल्या सोडून. बाबा गेल्यावर लालबागची खोली विकून तिला इकडे आणली ती मीच, जवळ असावी म्हणून. जाताना बाजारातून मांदेली नाहीतर पालेभाजी घ्यायची, तिच्या गोळ्या डबीत भरायच्या, गॅसचं बटण बंद आहे का बघायचं, तिच्या गुडघ्याला तेल लावायचं. वर्षानुवर्षं. आजारी असले तरी. आई दार उघडायची आणि वळून आत जायची, मालिका चालू असायची ना. "चहा ठेव" एवढंच. मी ठेवायची.

दादा पुण्याला. तो यायचा भाऊबीजेला, वर्षातून एकदा, दोन दिवस. महिनाभर आधीपासून आईच्या अंगात वारं शिरायचं. ओल्या नारळाच्या करंज्या, चिरोटे, त्याच्या आवडीची वालाची उसळ. गुडघे दुखतात म्हणून एरवी ओट्याशी उभी न राहणारी बाई नारळ खवत बसायची. खवायची काय, नारळ आणून फोडून द्यायची मी! दादा आला की ती दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवायची, डोळे भरायचे. तो गेल्यावर पुढचे पंधरा दिवस शेजारच्या गुजराती काकूंना तेच पुराण, मेरा बेटा आया था, मेरा बेटा ये लाया. एकदा काकूंनी माझ्यासमोरच म्हटलं, आप की बेटी तो कितना करती है. आई हसली आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "ती काय, रोजचीच."

वाईट हेतूने नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं. पाणी रोज नळाला येतं, त्याला कोण हळदीकुंकू वाहतं? एक दिवस टँकर मागवावा लागला की मग कळतं. मला हे पक्कं माहीत होतं, मी त्यावर पगार घेते. रोज मरे त्याला कोण रडे, असं आमचीच म्हातारी माणसं सांगून गेलीत आणि तेही आकृती न काढता. तरीसुद्धा घरी येऊन मी नवऱ्यावर चिडले, भांडी आपटली आणि कुणी विचारलं तर काही नाही म्हणाले.

मग त्या दिवाळीत दादा म्हणाला, आई, आता इकडे एकटी कशाला राहतेस, चल माझ्याकडे कायमची. मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हो म्हणाली. करंजीचा घास हातात तसाच.

मी थांबवून बघितलं नाही असं नाही, बघितलंच. दादा बाहेर गेल्यावर तिच्यासमोर बसले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. दादा गोड लागतो कारण वर्षातून दोन दिवस मिळतो. रोज मिळाला की तोही माझ्यासारखाच होईल. आणि तूही त्यांना आज गोड वाटतेस ती पाहुणी म्हणून. तिथे राहायला लागलीस की महिन्याभरात तू त्यांच्या घरातलं एक कपाट होशील. जरा तोडूनच बोलले, पण खोटं काही बोलले नाही.

आईने शांतपणे ताटली खाली ठेवली. म्हणाली, "तुझं शास्त्र कॉलेजात ठेव. जळफळाट होतोय तुझा." होत होता. का होऊ नये? इतकी वर्षं मी तिला दिली, आणि माझ्यासाठी एकदा तरी तिचे डोळे भरावेत एवढंच मला हवं होतं. ते मागून मिळतं का? तिच्या साड्या मीच भरल्या, गोळ्यांच्या डब्या मीच वहिनीला समजावून दिल्या.

ती गेल्यावर मी आठवड्यातून एकदा तिचं घर उघडून, खिडक्या उघडून-लावून यायची. कॉलेज सुटल्यावर पाय आपोआप त्या गल्लीत वळायचे, मग मी रागाने परत फिरायची. फोन रविवारी. पहिल्या महिन्यात फोनवर नुसती मजाच मजा. दादाने हॉटेलात नेलं, नातीने पायाला क्रीम लावलं, वहिनीने साडी घेतली. पुढे मजा आटत गेली. मग फक्त "बरं चाललंय". नंतर तीच विचारायला लागली, तुझं काय, बाजारात मांदेली आली का, शेजारच्या काकू कशा आहेत. माझा आवाज ऐकला की तिचा आवाज वर चढायचा. मला कळत होतं काय होतंय ते. छातीत गोड वाटायचं आणि लगेच लाज वाटायची.

एका रविवारी मी सरळ विचारलं, आई, कंटाळलीस का? तिने आधी दार लोटून घेतल्यासारखं वाटलं मला, मग हलक्या आवाजात म्हणाली, "पहिला दिवस पाहुणा, दुसरा दिवस पई..." आणि पुढचं म्हटलंच नाही. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तिसरा दिवस राही त्याची अक्कल जाई. ही म्हण ती लालबागला मुक्काम ठोकणाऱ्या नातेवाइकांवर हसत हसत म्हणायची. स्वतःवर म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकली.

पेपर तपासून झाल्यावर मेच्या सुट्टीत मी पुण्याला गेले. दार आईनेच उघडलं. बघितलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला, डोळे भरले. जे मला जन्मभर हवं होतं ते तिथे, त्या परक्या लिफ्टसमोर मिळालं. मी लहान मुलीसारखी रडले. तिने स्वतः करंज्या केल्या होत्या. मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. रात्री माझ्या अंगावर पांघरूण घातलं.

त्या घरात कुणी वाईट नव्हतं. तेच तर वाईट. वहिनी वेळेवर जेवण देत होती, दादा ऑफिसला जाताना "आई, येतो गं" म्हणत होता, मोबाइलमधून मान वर न काढता. नात शेजारून जायची, जसं टेबलाशेजारून जातात. त्यांना मी दोष देऊ कशी? मी रोज जायची तेव्हा आई तरी कुठे मान वर करायची? दिवसभर ती त्या लहान खोलीत खिडकीशी बसलेली असायची आणि खाली कुणाची गाडी आली ते बघायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बागेत बसलो, ती न थांबता बोलली. संध्याकाळी मला दिसलं की बोलता बोलता तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं. एवढंच. मालिका लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरायला घेतली. चार दिवस राहणार असं सांगून आले होते. आई पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, राहा ना अजून. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. मी कॉलेजचं काम निघालंय असं सांगितलं. सुट्टीत कसलं आलंय काम. मग ती उठली, बॅगेच्या चेनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मग मलाच घेऊन चल."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. घर तिचं, किल्ली माझ्या पर्समध्ये, अडचण कसलीच नव्हती. पण मला भाईंदरची ती दुपार दिसली, दार उघडून वळून आत जाणारी पाठ दिसली, "चहा ठेव" ऐकू आलं. एका महिन्यात, फार तर दोन. परवा दारात मिळालं ते परत कधीच मिळणार नाही. किती वेळ गेला असेल, दोन श्वास घेण्याइतका. तेवढ्यात आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. माणूस म्हातारं झालं म्हणून त्याला चेहरा वाचता येत नाही असं थोडंच असतं.

तिने चेनवरून हात काढला. म्हणाली, "नको, जाऊ दे. इथे काय कमी आहे मला?" आणि मला वाटेत खायला करंज्या बांधून दिल्या.

अजून दर रविवारी फोन होतो. माझा आवाज ऐकला की ती खुलते, तिचा ऐकला की मी. वर्गात यंदाही पेढे नेले होते, पोरं यंदाही म्हणाली एकूण कमी झालं, आणि या वेळी मी ओरडले नाही. आई विचारते, कधी येतेस? मी सांगते, दिवाळीची सुट्टी लागली की लगेच निघते. सुट्टी लागून चार दिवस झालेत.